‘माल कस्टममध्ये अडकलाय’ म्हणजे नेमका कुठे?

आयात केलेल्या मालाची वाट पाहणाऱ्या ग्राहकाला आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य ऐकवलं जातं: “साहेब, माल कस्टममध्ये अडकलाय, दोन-चार दिवसांत सुटेल.” वाक्य खोटं नसतं, पण त्यातून ग्राहकाला काहीच कळत नाही. दोन दिवस की चार, हे कशावरून? अडकलाय म्हणजे जप्त झालाय का? त्याने कारागीर बोलावून ठेवायचे की परत पाठवायचे? चौथा दिवस उलटला की तो पुन्हा फोन करतो, पुन्हा तेच वाक्य ऐकतो, आणि तिसऱ्या फोनला त्याचा विश्वास उडालेला असतो. गंमत म्हणजे तोवर विक्रेत्याकडे बरीच नेमकी माहिती आलेली असते. ती सांगायची कशी, हे त्याला उमगत नाही एवढंच.

सांगायचं कसं हे कळण्यासाठी माल थांबतो कुठे, ते आधी पाहायला हवं. न्हावा शेवाला कंटेनर उतरण्याच्या सुमारास आयातदाराचा क्लिअरिंग एजंट (बाजारात त्याला अजूनही सीएचए म्हणतात, कायद्यातलं आजचं नाव कस्टम्स ब्रोकर) आइसगेट या सरकारी संगणक यंत्रणेत बिल ऑफ एंट्री भरतो. माल काय, कुठून आला, किंमत किती, कोणत्या शुल्क-शीर्षकाखाली मोडतो, हे सगळं त्यात असतं. बीजक, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग हे कागद ‘ई-संचित’वर चढवले जातात. मग जोखीम-व्यवस्थापन यंत्रणा, म्हणजे आरएमएस, हे बिल चाळते. 2005 पासून ही यंत्रणा आपल्याकडे आहे. प्रत्येक पेटी उघडणं शक्य नसल्यामुळे माल, देश, आयातदाराचा पूर्वेतिहास, जाहीर केलेली किंमत अशा गोष्टींवरून ती निवड करते. बरीच बिलं ती न अडवता पुढे जाऊ देते. काहींचे फक्त कागद तपासायला सांगते, काहींचा फक्त माल, आणि काहींचे दोन्ही.

म्हणून ‘कस्टममध्ये अडकलाय’ या एका वाक्यामागे निदान चार-पाच वेगवेगळ्या परिस्थिती असू शकतात. कंटेनर नुसता स्कॅनिंगला निवडला गेला असेल, तर ट्रक क्ष-किरण यंत्रातून जातो, चित्र पाहिलं जातं, आणि शंका नसेल तर काम काही तासांत, फार तर दिवसाभरात संपतं. माल उघडून पाहण्याचा आदेश असेल, तर कंटेनर बंदराबाहेरच्या सीएफएसमध्ये नेऊन, सील तोडून, ठरलेल्या प्रमाणात पेट्या उघडाव्या लागतात. याला साधारण दोन-तीन दिवस धरावेत. कागदांवर प्रश्न आला असेल, ज्याला एजंटांच्या भाषेत ‘क्वेरी पडली’ म्हणतात, तर वेळ उत्तर देणाऱ्याच्या हातात असतो आणि प्रत्येक फेरीला एक-दोन दिवस जातात. रसायन, कापड, खाद्यपदार्थ यांचा नमुना प्रयोगशाळेत गेला, तर आठवडा-दहा दिवसही कमी पडू शकतात. आणि विशेष तपास शाखेने किंवा डीआरआयने माल रोखला असेल, तर तारीख सांगूच नये. तिथे आठवडे जातात, कधी महिने.

अनुभव असा, की प्रत्यक्ष पेट्या उघडण्यात वेळ फारसा जात नाही. तो जातो कागद मागण्यात, शोधण्यात आणि परत पाठवण्यात. 2020 च्या ऑक्टोबरअखेर देशभर ‘फेसलेस’ आकारणी लागू झाल्यापासून न्हावा शेव्याच्या बिलावर प्रश्न विचारणारा अधिकारी चेन्नईत किंवा बेंगळुरूतही बसलेला असू शकतो. पूर्वी एजंट टेबलासमोर उभा राहून तोंडी समजावू शकत असे. आता जे सांगायचं ते लेखी, पुराव्यासह आणि एकदाच नीट सांगावं लागतं. अर्धवट उत्तर गेलं की दुसरी क्वेरी आलीच.

एक उदाहरण घेऊ. समजा, भोसरीतला एक यंत्र-विक्रेता तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यासाठी चीनमधल्या हफेई शहरातून रंगानुसार निवड करणारं यंत्र मागवतो. कॅमेरे घसरत्या बेदाण्याचे रंग टिपतात आणि हवेच्या बारीक फवाऱ्याने काळपट दाणा बाजूला उडवतात, असं हे यंत्र. तासगावचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. शेडवरचा बेदाणा उतरायला लागला की यंत्र जागेवर हवं. जहाज जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी लागतं. बिल आधीच भरलेलं आहे. मंगळवारी दुपारी एजंटाचा निरोप येतो की कागद आणि माल दोन्ही तपासायला सांगितलेत, शिवाय क्वेरीही पडली आहे.

क्वेरीत दोन प्रश्न आहेत. पहिला शीर्षकाचा. फळं आणि इतर शेतमाल निवडणारी यंत्रं 8433 या शीर्षकाखाली येतात, तर धान्य, बियाणं आणि वाळलेल्या डाळी निवडणारी 8437 खाली. विक्रेत्याने 8433 लिहिलंय, कारण बेदाणा हे फळ. पण कारखान्याच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर तांदळाच्या ढिगाचं चित्र आहे. हफेईचे कारखाने मुख्यतः तांदळासाठी यंत्रं बनवतात आणि तेच पत्रक सगळ्यांना पाठवतात. अधिकाऱ्याची शंका रास्तच आहे. शीर्षक बदललं तर कराचा दर बदलू शकतो, म्हणून तो यंत्राचं तपशीलवार तांत्रिक पत्रक आणि ते बेदाण्यासाठीच बनवलंय याचा आधार मागतो. दुसरा प्रश्न किमतीचा. अशाच यंत्रांच्या अलीकडच्या आयातीपेक्षा जाहीर किंमत कमी दिसते, तेव्हा खरेदीची मागणी, कारखान्याशी झालेला पत्रव्यवहार आणि बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा द्या. किमतीबद्दल शंका आली तर अशी माहिती मागण्याचा अधिकार 2007 च्या मूल्यांकन नियमांतल्या बाराव्या नियमाने अधिकाऱ्याला दिलेला आहे. प्रश्न आला म्हणजे आरोप झाला असं नव्हे.

त्याच संध्याकाळी तासगावला पत्र जायला हवं. ते साधारण असं असावं:

“महोदय, स. न. वि. वि.

आपल्या मागणीतील बेदाणा निवड यंत्राचा कंटेनर सोमवारी न्हावा शेवा बंदरात उतरला. सीमाशुल्क विभागाच्या यंत्रणेने हा माल कागदपत्रांची छाननी आणि प्रत्यक्ष तपासणी या दोन्हींसाठी निवडला आहे. माल जप्त झालेला नाही. ही नेहमीच्या निवडीतली तपासणी आहे.

विभागाने आमच्याकडे यंत्राचा तांत्रिक तपशील आणि खरेदी-व्यवहाराचे कागद मागितले आहेत. ते आम्ही उद्या दुपारपर्यंत सादर करू. आपल्याकडून एकच कागद हवा आहे: हे यंत्र बेदाणा निवडण्यासाठी घेत असल्याचे, आपल्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह पत्र. मसुदा सोबत जोडला आहे. उद्या सकाळी अकरापर्यंत स्कॅन करून पाठवावे, ही विनंती.

उत्तराने विभागाचे समाधान झाले आणि तपासणीत नवीन मुद्दा निघाला नाही, तर येत्या सोमवारपर्यंत माल सुटावा. आणखी प्रश्न आले किंवा जादा परवान्याची गरज निघाली, तर आठवडा-दीड आठवडा अधिक लागू शकेल. त्यामुळे यंत्र बसवण्यासाठी क्रेन आणि वायरमन यांची तारीख तूर्त पक्की करू नये.

पुढची माहिती शुक्रवारी सायंकाळी, काही घडले असो वा नसो, आम्ही स्वतः कळवू. या तपासणीमुळे आपल्याला कोणतीही जादा रक्कम भरावी लागणार नाही.”

पत्र लांब नाही, पण त्यातलं एकेक वाक्य कामाचं आहे. ‘जप्त झालेला नाही’ हे पहिल्याच परिच्छेदात येतं, कारण ग्राहकाच्या मनात पहिली भीती तीच असते. सीमाशुल्क कायद्यात जप्तीचं कलम वेगळं आहे, 110 वं. तपासणीसाठी थांबलेला माल त्यात मोडत नाही. मात्र खरोखर जप्तीचा आदेश निघाला असेल, तर त्याला तपासणीचं गोंडस नाव देऊ नये. ते आज ना उद्या उघडं पडतंच.

मुदतीचं वाक्य ‘तर’ने बांधलेलं आहे. बहुतेक विक्रेते इथेच घसरतात. एकच तारीख दिली तर तिचं वचन होतं, आणि ‘सांगता येत नाही’ म्हटलं तर ग्राहक स्वतःच सर्वांत वाईट धरून चालतो. कोणत्या अटीवर लवकर आणि कोणत्या अटीवर उशिरा, हे दोन्ही सांगितलं की त्याला आपलं नियोजन करता येतं. सरासरीचा आधार मात्र जपून घ्यावा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळ दरवर्षी माल सुटायला लागणाऱ्या वेळेची पाहणी करतं. बंदरांसाठीचं उद्दिष्ट 48 तासांचं आहे, आणि 2023 च्या पाहणीत प्रत्यक्ष सरासरी साधारण साडेतीन दिवस निघाली होती. पण त्या सरासरीत न अडवता सोडलेला मालही असतो. ज्याचा माल तपासणीला लागलाय त्याला ती सांगणं म्हणजे वर्गाच्या सरासरीवरून नापास मुलाच्या बापाची समजूत घालणं.

कागदांचा उल्लेख पत्रात नावानिशी आहे, पण कागद जोडलेले नाहीत. हे मुद्दाम. बीजक आणि बँकेचा पुरावा यांत विक्रेत्याची खरेदी किंमत असते, आणि ती ग्राहकाला दाखवण्याची काहीच गरज नाही. घाईघाईत सीएचएचा अख्खा मेल ‘पार्टी’ला पुढे ढकलणारे महाभाग मी पाहिले आहेत. माल नंतर सुटतो, पण त्यानंतरची प्रत्येक ऑर्डर घासाघीस करूनच मिळते.

आणि ग्राहकाकडून मागितलेला तो एक कागद. तो खरोखर उपयोगी पडतो का? एकट्याने नाही. शीर्षक ठरतं ते यंत्राच्या रचनेवरून; घेणारा कोण, यावरून नाही. पण कारखान्याचं ‘हे मॉडेल सुक्या फळांसाठी’ असं तांत्रिक पत्रक आणि घेणाऱ्याचं पत्र एकाच दिशेला बोट दाखवू लागले, की तांदळाच्या त्या चित्राचं वजन कमी होतं. आपल्या उदाहरणात तसंच होतं. बुधवारी उत्तर चढतं, गुरुवारी अधिकारी 8433 मान्य करतो, बँकेचे पुरावे पाहून किंमतही स्वीकारतो. त्याच दिवशी शुल्क भरलं जातं आणि उरते फक्त तपासणी.

शुक्रवारी सकाळी सीएफएसच्या शेडमध्ये कंटेनर उघडतात. अधिकारी आधी सीलचा नंबर बिल ऑफ लेडिंगवरच्या नंबरशी ताडून पाहतो, मग लाकडी खोक्याच्या एका बाजूच्या फळ्या उचकटल्या जातात. यंत्रावरची पाटी, मॉडेल नंबर, अनुक्रमांक, सगळं बीजकाशी जुळतं. मग नियंत्रण-पेटीच्या दारामागे एक लहानसा अँटेना दिसतो. कारखान्याला दूरवरून बिघाड तपासता यावा म्हणून बसवलेलं वाय-फाय मॉड्यूल. बिलात त्याचा उल्लेख नाही. बिनतारी यंत्रणा असलेल्या वस्तूला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते, जिला ईटीए म्हणतात. ती कुठाय, असा प्रश्न येतो.

हाच तो ‘जादा परवाना’, ज्याची शक्यता मंगळवारच्या पत्रात आधीच सांगून ठेवली होती. ईटीएचा अर्ज ऑनलाइन होतो, पण त्यासाठी मॉड्यूलच्या रेडिओ चाचणीचा अहवाल लागतो. अहवाल हाताशी असेल तर काम थोड्या दिवसांत होतं. नसेल तर मॉड्यूल प्रयोगशाळेत न्यावं लागतं आणि आठवडे जातात. त्यात हा काळ चिनी नववर्षाच्या आगेमागेचा. एकदा तिकडची सुटी सुरू झाली की कारखान्यात फोन उचलायला कोणी नसतं. विक्रेता त्याच दुपारी वीचॅटवर कारखान्याच्या विक्री-प्रतिनिधीला गाठतो आणि अहवाल मागवून घेतो.

शुक्रवारी सायंकाळचं दुसरं पत्र म्हणून वेगळं लिहावं लागतं. पहिला मुद्दा मिटला, हे आधी. मग नवा काय निघाला, कोणत्या खात्याची मान्यता हवी, अहवाल मिळाला की नाही, अर्ज कधी जाणार. आणि सुधारलेली मुदत: ‘अहवाल हाती आला आहे, मान्यता मिळाली तर पुढच्या शनिवारपर्यंत.’ दोन पत्रांतला हा फरक ग्राहकाला दिसतो. उशीर वाढलाय, पण तो कशामुळे आणि कुठवर, हे त्याला कळतं. ‘अजून कस्टममध्येच आहे हो’ यातून ते कळलं नसतं. तो क्रेन पुढे ढकलतो आणि पहिल्या उताराचा माल हातनिवडीला बायका लावून काढतो.

दरम्यान पैशाचं मीटर चालू असतं. शिपिंग कंपनी कंटेनर ठराविक दिवस फुकट वापरू देते, त्यानंतर रोजचं भाडं लावते, तेही बहुतेकदा डॉलरमध्ये. सीएफएसचं जागाभाडं वेगळं, खोकी उघडून पुन्हा बांधण्याची मजुरी वेगळी. सीमाशुल्क विभागाने जप्त केलेल्या किंवा अडकवून ठेवलेल्या मालावर सीएफएसने भाडं लावू नये, असं 2009 च्या नियमांत आहे. पण नेहमीच्या तपासणीला तो आधार सहसा मिळत नाही, आणि जिथे मिळतो तिथेही विभागाचं प्रमाणपत्र घेऊन भांडावं लागतं. शहाणा विक्रेता मुक्काम लांबणार दिसताच माल सीएफएसच्या गोदामात उतरवून रिकामा कंटेनर परत करतो, म्हणजे निदान डॉलरचं मीटर थांबतं. शीर्षकाचा किंवा किमतीचा वाद लांबणार असेल, तर कलम 18 खाली तात्पुरती आकारणी मागता येते: बंधपत्र आणि गरजेप्रमाणे बँक हमी देऊन माल सोडवायचा, अंतिम निर्णय मागाहून. ही सोय असताना ती न वापरता ग्राहकाला ‘आमच्या हातात काही नाही’ म्हणणं बरोबर नव्हे. मात्र ईटीएसारख्या मान्यतेचा प्रश्न तिने सुटत नाही. तिथे मान्यताच आणावी लागते.

हे भाडं कोणाच्या डोक्यावर, हे ठरतं विक्रीच्या करारावरून. पोहोच किमतीत सौदा झाला असेल तर ते विक्रेत्याचं. समुद्रातच विक्री झाली असेल, म्हणजे हाय सी सेल, तर बिल ऑफ एंट्री ग्राहकाच्याच नावाने भरलं जातं, क्वेरीही त्यालाच येते, आणि मग वरच्या पत्रातलं शेवटचं वाक्य लिहिता येत नाही.

ग्राहकानेही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. करारात तारीख महत्त्वाची मानली असेल आणि माल उशिरा घ्यायची तयारी असेल, तर भरपाई मागण्याचा इरादा माल स्वीकारतानाच कळवावा लागतो. भारतीय करार कायद्याच्या 55 व्या कलमात तसं म्हटलंय. मुकाट्याने माल उतरवून घेतला आणि महिन्याने नुकसानीचं पत्र पाठवलं, तर ते फार चालत नाही.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. ‘तुमचा माल कस्टमने धरलाय, सोडवायला अमुक रक्कम या खात्यावर भरा,’ असे निरोप हल्ली सर्रास येतात. खऱ्या विक्रेत्याच्या पत्रात बिल ऑफ एंट्रीचा नंबर, तारीख आणि बंदराचं नाव देता येतं, आणि त्यावरून मालाची स्थिती आइसगेटवर पाहता येते. शुल्क सरकारी यंत्रणेतूनच भरलं जातं. कोणाच्या खासगी खात्यात किंवा खासगी यूपीआयवर नाही. खुद्द विभागाकडून म्हणून पत्र आलं, तर त्यावर डीआयएन हा क्रमांक आहे का ते पाहावं. 2019 च्या नोव्हेंबरपासून मंडळाच्या पत्रव्यवहारावर तो असतो आणि मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. याच कारणासाठी विक्रेत्याने अशा पत्रात पैसे भरण्याचा दुवा कधीही देऊ नये, अगदी त्याचीच जुनी थकबाकी असली तरी. ती दुसऱ्या दिवशी वेगळ्या पत्राने मागावी.

आपल्या उदाहरणात ईटीए पुढच्या गुरुवारी येते, शुक्रवारी अधिकारी ‘आउट ऑफ चार्ज’ देतो. तिथे एजंटाचं ‘सुटला’ येतं, आणि विक्रेता तोच शब्द तासगावला कळवून मोकळा होतो. तसं करू नये. सुटल्यानंतरही शिपिंग कंपनीची डिलिव्हरी ऑर्डर, सीएफएसचं बिल, गेटपास, ई-वे बिल आणि ट्रक एवढं बाकी असतं. यात एक दिवस सहज जातो, आणि मध्ये रविवार आला तर दोन. तिसरं पत्र जावं ते ट्रक सीएफएसच्या गेटबाहेर पडल्यावर: गाडीचा नंबर, चालकाचा फोन, ई-वे बिलाचा क्रमांक, खोक्याचं वजन, आणि तपासणीत एका बाजूच्या फळ्या उघडून पुन्हा ठोकल्या आहेत, ही नोंद. ती नोंद नसेल तर उचकटलेलं खोकं पाहून ग्राहक माल उतरवून घ्यायलाच नकार देतो, आणि रात्रभर चालून आलेली गाडी सकाळी त्याच्या दारात उभी राहते.